ब्लेंडर: ट्रॅकिंग बरोबर येतंय तरी पेटी कट्ट्यावरून सरकते, मदत हवी आहे

सायली_परळ: मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर हापूसची थ्रीडी पेटी ठेवायचीये. शॉट एप्रिलमधला, पावणेपाचचा, फोनवर चालत घेतलेला. सॉल्व्ह एरर ०.४ आहे तरी पेटी घसरल्यासारखी दिसते, आणि सावली डांबरासारखी काळी येते, बाजूच्या लोकांची तशी नाहीये. उद्या सकाळी द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

केदार७७: फोनचं स्टॅबिलायझेशन चालू होतं ना? मग प्रत्येक फ्रेम वेगवेगळी कापली जाते आणि सॉल्व्हर गंडतो. पुन्हा शूट करा, दुसरा इलाज नाही.

सायली_परळ: पुन्हा शूट शक्यच नाही. स्टॅबिलायझेशनचं माहीत नाही.

भाऊ_कंपोझिटर: केदार थांब जरा, एवढ्यात शूटवर कुठे जातोस. सायली, कट्ट्यावरच्या एखाद्या ट्रॅक पॉइंटवर छोटा कोन ठेव आणि पूर्ण शॉट चालवून बघ. कोन चिकटून राहिला तर सॉल्व्ह ठीक आहे, पेटीची जागा चुकलीये. Floor कुठल्या पॉइंट्सनी सेट केलंस?

सायली_परळ: फुटपाथच्या, तिथे लाद्यांचे कोपरे छान पकडले जातात. पेटी त्याच फ्लोअरवर ठेवून पहिल्या फ्रेममध्ये कट्ट्यावर दिसेल अशी सरकवली.

भाऊ_कंपोझिटर: मग ती कट्ट्यावर नाहीच! फुटपाथच्या पातळीवर, कट्ट्याच्या पार पलीकडे गेलीये, एका फ्रेममध्ये नुसती जुळलेली दिसते. कॅमेरा चालला की लांबची वस्तू जवळच्या कट्ट्यापेक्षा हळू सरकणारच. एरर कमी म्हणजे ट्रॅक जुळले एवढंच, पेटी कुठे ठेवलीस ते त्याला काय माहीत. Floor साठी कट्ट्याच्या वरच्या बाजूचे तीन पॉइंट घे, पण एका रेषेतले नकोत, दोन पुढच्या कडेचे आणि एक मागचा.

मिलिंद_लालबाग: मी मंडळाच्या मूर्तीचं फोटोस्कॅन केलंय, फाइल फार जड झालीये, पॉलिगॉन कमी कसे करायचे? बाकी सावलीला एचडीआरआय लावा, सगळं आपोआप जुळतं.

भाऊ_कंपोझिटर: मिलिंद, वेगळा धागा काढ रे. आणि दुसऱ्याच जागेचा एचडीआरआय लावला तर सूर्य भलतीकडेच येईल. सायली, World काळं असेल तर सावलीत उजेड येणार कुठून? उन्हातल्या सावलीवरही आकाशाचा निळसर उजेड पडतो. World ला फिकट निळा दे, Strength 0.3 पासून वाढवत शेजारच्या माणसाच्या सावलीशी ताडून बघ. फ्रेममध्ये उभी बाटली वगैरे आहे का?

सायली_परळ: आहे, साधारण २० सेंमीची, सावली ३५ च्या आसपास.

भाऊ_कंपोझिटर: म्हणजे सूर्य ३० अंशांवर. Sun चं X रोटेशन 60° ठेव, मग Z फिरवून दिशा बाटलीच्या सावलीशी जुळव. ऊन समुद्राकडून येतंय, म्हणजे सावली कट्ट्याच्या कडेवरून खाली मोडेल. शॅडो कॅचर नुसता सपाट प्लेन नको, कट्ट्याच्या आकाराचा कर आणि खाली फुटपाथही घे.

सायली_परळ: पेटी बसली!! सावलीही जुळली. फक्त शेवटी शेवटी कोन आणि पेटी दोन्ही थरथरतात.

केदार७७: तेच म्हणत होतो, स्टॅबिलायझेशन.

भाऊ_कंपोझिटर: किंवा तिथे माणसं आडवी गेल्यामुळे ट्रॅक तुटले असतील. त्या फ्रेम्समध्ये किती मार्कर जिवंत आहेत ते सांग आधी.