मदत हवी आहे : तिसरीतल्या मुलीसाठी कोणते दप्तर घ्यावे?

इंदिरानगरकर
माझ्या मुलीचा खांदा आणि मान महिनाभरापासून दुखत आहे. शाळेतून आली की ती आधी दप्तर दारातच टाकते आणि मान धरून बसते. बालरोगतज्ज्ञांना दाखवले, त्यांनी पाच दिवसांचे औषध दिले, तेवढे दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. मला तातडीने नवीन दप्तर घ्यायचे आहे. पाठीला आधार देणारी जी महाग दप्तरे मिळतात, त्यांचा खरोखर उपयोग होतो का? नाशिकमध्ये ती कुठे मिळतील? कृपया लवकर सांगावे, कारण सोमवारी शाळा आहे.

सिडकोकर
चाकांचे दप्तर घ्या आणि विषय संपवा. माझ्या मुलाला दुसरीत असतानाच घेऊन दिले आणि तेव्हापासून त्याची एकही तक्रार नाही. मेन रोडवर पुष्कळ प्रकार पाहायला मिळतात.

अक्षरवेल
मी प्राथमिक शाळेत बावीस वर्षे शिकवले आहे. चाकांच्या दप्तराची शिफारस कृपया सरसकट करू नये. वर्ग वरच्या मजल्यावर असेल, तर लहान मूल तेच दप्तर एका हाताने उचलून जिना चढते आणि मागच्या मुलाच्या पायात ते अडकते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही याच कारणाने चाकांच्या दप्तरांना नापसंती दाखवली आहे.

सिडकोकर
माझ्या मुलाच्या शाळेत लिफ्ट आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण धोरणात लिहिले म्हणून उपयोगी वस्तू वाईट ठरत नाही.

कळवणचे आजोबा
आमच्या वेळी पाटी आणि दोन पुस्तके एवढेच सामान असे आणि ते आम्ही कापडी पिशवीतून नेत असू. माझ्या नातवाचीही पाठ दुखत होती. त्याच्या रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघाले आणि औषधाने फरक पडला. तुम्हीही तपासणी करून घ्या. या वजनाने मुलांच्या मणक्याला कायमचा बाक येतो, असे मी वाचले आहे.

पंचवटी_फिजिओ
मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे शाळकरी मुले नेहमी येतात. आजोबा, ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांनी सुचवली तर अवश्य करावी. परंतु मणक्याच्या बाकाबद्दल आईला घाबरवू नये. मणका एका बाजूला वळण्याचा जो आजार असतो, तो दप्तरामुळे होतो असे दिसून आलेले नाही. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचा दप्तराशी किती संबंध आहे, याबद्दलही संशोधकांचे एकमत नाही. दिवसाकाठची मानदुखी, खांद्यावरचा दाब आणि थकवा मात्र खरा असतो आणि तो वजन कमी केल्यावर उतरताना आम्ही पाहतो.

ताई, दप्तर सुचवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. मुलीचे वय आणि वजन किती आहे? भरलेल्या दप्तराचे वजन किती भरते? दुखणे एका खांद्याचे आहे की दोन्ही? वर्ग कितव्या मजल्यावर आहे? रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, लंगडणे किंवा हातात मुंग्या, यांपैकी काही आहे का?

इंदिरानगरकर
ती आठ वर्षांची आहे. वजन २१ किलोच्या आसपास असावे. दप्तराचे वजन केलेले नाही, पण जड आहे, मला स्वतःला उचलताना जाणवते. दुखणे डाव्या बाजूला जास्त आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. ताप नाही आणि रात्री ती शांत झोपते. मी दप्तराबद्दल विचारले होते, तेवढे सांगितलेत तर बरे होईल.

पंचवटी_फिजिओ
आपली घाई मी समजू शकतो; पण वजन न पाहता दप्तर बदलले, तर तोच भार नव्या पट्ट्यांवर येईल. उद्या सकाळी शाळेला निघण्याच्या तयारीत, पाण्याची बाटली आणि डबा आत ठेवून, मुलीला घरच्या वजनकाट्यावर आधी दप्तरासह आणि मग दप्तराशिवाय उभी करा. नंतर एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आकडे लिहून काढा. दोन्ही वेळा तिचा बाजूने एक फोटोही घ्या. मागचे वजन मुलाला मागे ओढते, ते सावरायला मूल कमरेतून पुढे झुकते आणि समोर पाहता यावे म्हणून हनुवटी पुढे काढते. पाठीवरच्या ओझ्याने मान का दुखते, हे त्या दोन फोटोंत आपल्यालाच दिसेल.

सिडकोकर
एवढे मोजमाप कोण करणार? माझ्या मते सगळा दोष अभ्यासक्रमाचा आहे. तिसरीतल्या मुलाला नऊ विषय कशासाठी?

इंदिरानगरकर
आज सकाळी मोजले. मुलीचे वजन २१.४ किलो आणि दप्तराचे ५.२ किलो भरले. आकडे पाहून माझे मलाच वाईट वाटले, कारण रोज सकाळी ते मीच तिच्या पाठीवर चढवते. रिकामे दप्तर ८५० ग्रॅम, भरलेली स्टीलची बाटली १ किलो १०० ग्रॅम, दोन डबे मिळून ६५० ग्रॅम, पुस्तके १ किलो ५० ग्रॅम, सहा वह्या १ किलो २०० ग्रॅम, आणि डायरी व कंपास मिळून ३५० ग्रॅम. फोटोत तिची मान खरोखरच पुढे आलेली दिसते.

आणखी एक गोष्ट तिला विचारल्यावर कळली. व्हॅनमध्ये चढता-उतरताना अडचण होते म्हणून ती एकच पट्टा डाव्या खांद्यावर घेते आणि तशीच दोन जिने चढते. वर्गात पोहोचल्यावर डाव्या हाताच्या बोटांना थोडा वेळ मुंग्या येतात, असे ती म्हणाली. हे तिने आजवर सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

पंचवटी_फिजिओ
आपण मोजलेत हे फार चांगले झाले. शरीराच्या जवळजवळ चौथा हिस्सा वजन ती पाठीवर नेत आहे. राज्य शासनाच्या २०१५ च्या निर्णयानुसार आणि केंद्राच्या धोरणानुसारही मर्यादा दहा टक्क्यांची आहे, म्हणजे तिच्यासाठी २ किलो १०० ग्रॅम.

मुंग्यांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून गळपट्टीच्या हाडाखालून जातात आणि एकाच पट्ट्यावरचे वजन नेमके तिथे दाबते. दप्तर काढल्यावर काही मिनिटांत मुंग्या जात असतील, तर बहुधा दाब तात्पुरता आहे. तरी आज घरी एवढे पाहा : तिला दोन्ही तळहात भिंतीवर टेकवून जोराने ढकलायला सांगा आणि मागून पाठ बघा. डाव्या खांद्याचे पाते पंखासारखे बाहेर येत असेल, किंवा डावा हात डोक्यावर पूर्ण जात नसेल, तर सोमवारची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसे काही नसले, तरी येत्या आठवड्यात एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. मुंग्यांचा निवाडा धाग्यावर होऊ शकत नाही.

कळवणचे आजोबा
मुंग्या म्हणजे बी-१२ ची कमतरताही असू शकते. शाकाहारी घरांत ती फार आढळते.

पंचवटी_फिजिओ
असू शकते, आजोबा. परंतु त्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांत किंवा दोन्ही हातांत येतात आणि दप्तर खाली ठेवल्याने जात नाहीत. या मुलीच्या मुंग्या एकाच हाताला, जिना चढल्यावरच येतात.

अक्षरवेल
आकड्यांकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहते. यातले घरी कमी होण्यासारखे किती आणि शाळेनेच कमी करायचे किती, हे वेगळे काढले पाहिजे. ४५० ग्रॅमचे साधे दप्तर घेतले तर ४०० ग्रॅम वाचतात. बाटली रिकामी नेऊन शाळेत भरली तर ७५० ग्रॅम. डबे हलके केले तर २०० ग्रॅम. म्हणजे तुमच्याकडून सगळे केलेत तरी ३ किलो ८५० ग्रॅम उरतात. मुलगी मर्यादेच्या बाहेरच राहते. म्हणून फक्त दप्तर बदलून हा प्रश्न सुटणार नाही.

उरलेले ओझे वेळापत्रकातून येते. प्रत्येक विषयाला वर्गपाठाची एक आणि गृहपाठाची दुसरी, अशा दोनशे पानी वह्या मागवल्या जातात, कारण तपासणीला येणाऱ्यांना आणि पालकांनाही भरलेल्या वह्या पाहायच्या असतात. मीही अनेक वर्षे तसेच केले, हे मान्य करते. एका वर्षी आम्ही गृहपाठाची सगळ्या विषयांना मिळून एकच शंभर पानी वही ठेवली, वर्गपाठाच्या वह्या कपाटात ठेवल्या आणि गणित व इंग्रजीची पुस्तके एका बाकावरच्या दोघींत एक अशी आणायला सांगितली. शिकवण्यात काहीही अडले नाही. तुमच्या हिशोबात वह्या १ किलो २०० वरून ४०० ग्रॅमवर आणि पुस्तके ५०० ग्रॅमवर आली, तर दप्तर अडीच किलोचे होते. तिसरी ते पाचवीसाठी २०२० च्या धोरणात दिलेली वरची सीमा नेमकी अडीच किलोच आहे; तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा मात्र ते अजूनही थोडे जास्तच आहे.

सिडकोकर विषयांबद्दल बोलले, त्यात तथ्य आहे. केंद्राच्या २०१८ च्या परिपत्रकात तिसरी ते पाचवीला भाषा, परिसर आणि गणित एवढेच विषय सांगितले होते. शाळा त्यावर सामान्यज्ञान, संगणक आणि मूल्यशिक्षणाची खासगी प्रकाशनांची पुस्तके चढवतात. वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा ती पुस्तके आठवड्यातून किती वेळा उघडली जातात, हे शांतपणे विचारा.

इंदिरानगरकर
शाळेत पाणी भरायला मला भीती वाटते. मागच्या पावसाळ्यात तिच्या वर्गातल्या दोन मुलांना कावीळ झाली होती.

सिडकोकर
मग घरचेच पाणी द्या. त्यात तडजोड करू नका.

अक्षरवेल
ही भीती मी खोडून काढणार नाही. तोवर बाटली अर्धी भरून द्या, त्यानेही पाऊण किलोतले निम्मे कमी होईल. पाण्याची टाकी कधी धुतली आणि फिल्टरची देखभाल कधी झाली, हे शाळेला लेखी विचारता येते. स्वच्छ पाणी देणे ही धोरणानुसार शाळेचीच जबाबदारी आहे.

पंचवटी_फिजिओ
आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. पाठीला आधार देणारे महाग दप्तर घेऊ नका. त्यातले बरेच रिकामेच किलोभर भरतात. दुकानात वजनकाटा मागा. पट्टे रुंद आणि गादीचे असावेत, छातीवर जोडायची पट्टी असावी, आणि पट्टे आवळल्यावर दप्तराचा तळ कमरेच्या खाली लोंबू नये. दप्तर मुलीच्या पाठीपेक्षा रुंद नको, कारण मोठे दप्तर लगेच मोठे भरले जाते. जड पुस्तके पाठीला लागून ठेवा, डबा बाहेरच्या बाजूला. व्हॅनवाल्या काकांना सांगा, की मुलगी खाली उतरल्यावर तिला दोन्ही पट्टे घालायला तेवढा वेळ द्यावा.

इंदिरानगरकर
भिंतीची चाचणी केली. पाते बाहेर येत नाही, दोन्ही हात सारखे वर जातात. तरीही बुधवारची वेळ घेतली आहे. शालिमारजवळच्या दुकानात ४६० ग्रॅमचे दप्तर मिळाले. दुकानदाराने वजन करून देताना विचारले, की आजवर कुणी असे मागितले नव्हते, तुम्हीच का? सोमवारी मी स्वतः तिच्याबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. दोन्ही पट्टे घालून, अर्ध्या बाटलीसह दप्तर ४ किलो १५० ग्रॅम होते. बोटांना मुंग्या आल्या नाहीत, मान मात्र संध्याकाळी दुखली.

वर्गशिक्षिकेने गृहपाठाच्या एका वहीला होकार दिला. कपाटाचा प्रश्न त्यांनी मुख्याध्यापिकांकडे पाठवला आहे आणि जादा पुस्तकांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. वर्गातल्या आणखी चार पालकांना मी दप्तरे मोजायला सांगितली आहेत. आकडे आले की इथे लिहीन.