मदत हवी आहे : वीकली, डेली, अवरली तिन्ही हिरवे झाल्यावरच घेतो, तरी स्टॉप उडतो

अमळनेरकर
नमस्कार मंडळी. अमळनेरला इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सकाळी गिऱ्हाईक असतं, स्क्रीन बघायला मिळते ती साडेअकरानंतर. म्हणून पाच मिनिटांच्या चार्टचा नाद सोडला आणि वर्षभर कॅशमध्ये स्विंग करतोय. नियम एकच : तिन्ही टाइमफ्रेमवर भाव २० ईएमएच्या वर पाहिजे आणि ईएमए चढता पाहिजे.

परवाचा सौदा सांगतो. शेअरचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळे कंपनीवरच बोलत बसतील. वीकलीवर ४१० पासून ५२० पर्यंत चढला, मग डेलीवर ४७८ पर्यंत उतरला. तेव्हा अवरली लाल होता म्हणून हात लावला नाही. पुन्हा वर आला, तिन्ही हिरवे झाले, ५१७ ला २५० शेअर घेतले. स्टॉप अवरलीच्या मागच्या तळाखाली, ५०९. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टॉप गेला, भाव ४९८ ला टेकला आणि पुढच्या आठवड्यात ५४६! दोन हजार गेले, पण दिशा तर बरोबर होती ना? हे चौथ्यांदा झालं. मग जुळवायचं तरी काय?

धुळे_बुल
भाऊ, ईएमए उशिरा सांगतो. आरएसआय लावा. ते आजोबा-बाप-मुलगा ऐकलं असेल ना, तिन्हीवर आरएसआय ६० च्या वर असेल तरच घ्यायचं. दमदार शेअरच हाती लागतो.

सराफ_बोळ
सोन्यात हे काहीच चालत नाही. परवा रात्री नऊ वाजता अवरलीवर मस्त ब्रेकआउट दिसला, घेतलं, साडेनऊला साफ. आमच्या जळगावात भाव विचारायला येणारं गिऱ्हाईक माझ्यापेक्षा बरं कमावतं.

तापीकाठ
सराफभाऊ, तुमचा धागा वेगळा काढा. एमसीएक्स सकाळी नऊपासून रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारापर्यंत चालतं, तिथे दिवसाला पंधरा अवरली कँडल पडतात. इथे शेअरची गोष्ट चाललीये.

अमळनेरकर, तुमची चूक 'जुळणं' या शब्दात आहे. तिन्ही एकाच रंगाचे झाले म्हणजे जुळले असं तुम्ही धरता. डेली आणि अवरली दोन्ही पूर्ण हिरवे होईपर्यंत ४७८ पासूनची चढाई संपत आलेली असते. ५२० ला आधी माल विकला गेला होता, तुम्ही त्याच्या तीन रुपये अलीकडे घेतलात. तिथून दहावीस रुपये मागे येणं अगदी साधी गोष्ट आहे.

वीकलीला एकच विचारायचं, कोणत्या बाजूने काम करायचं. ते 'वर' म्हणालं की डेली काही दिवस त्याच्या *उलट* जायला हवं. ते चार-सहा दिवस लाल असतात तेव्हाच माल रास्त भावात येतो. आणि अवरलीला विचारायचं, उतरण थांबली का? तुम्ही ४७८ ला पाठ फिरवलीत, खरं तर तेव्हाच वही उघडायची वेळ होती.

घ्यायचं मात्र ४७८ ला नव्हे, कारण तो तळ आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. उतरताना अवरलीवर प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा खाली संपते. तळाच्या आधीची शेवटची उसळी कुठे संपली होती तेवढं बघून सांगा.

धुळेभाऊ, त्याच पद्धतीत मुलगा, म्हणजे सगळ्यात छोटी टाइमफ्रेम, ६० च्या वर नाही, ४० च्या आसपास आधार घेताना शोधतात. तिन्ही ६० च्या वर म्हणजे पुन्हा तेच, गाडी सुटल्यावर फलाटावर पळणं.

अमळनेरकर
बघितलं. उसळी ४८९ ला संपली होती. दोन दिवसांनी दुपारी एक अवरली कँडल ४९० ला बंद झाली. तेव्हा डेली अजून २० ईएमएच्या खालीच होता.

तापीकाठ
झालं तर. ४९० ला घ्यायचं, स्टॉप डेलीच्या तळाखाली ४७६. शेअरमागे १४ रुपये जोखीम. तुमची ठरलेली जोखीम २,००० असेल तर १४२ शेअर बसतात. ५२० पर्यंत ३० रुपये, म्हणजे जोखमीच्या दुपटीहून थोडं जास्त.

आता तुमचा ५१७ वाला सौदा बघा. विचार होता डेलीच्या चढाईचा आणि स्टॉप अवरलीच्या खळग्याखाली. आठ रुपये हा या शेअरचा एका दिवसाचा श्वास आहे. खरा स्टॉप ४७६ लावला असता तर ४१ रुपये जोखीम, म्हणजे फक्त ४८ शेअर. हा हिशेब केला असता तर तुम्ही स्वतःच म्हणाला असता, जाऊ द्या. अवरलीने फक्त वेळ साधायची. सौदा चुकला हे डेलीने सांगायचं आणि त्या अंतराप्रमाणे शेअर कमी करायचे.

धुळे_बुल
पण ४९० नंतर पुन्हा ४७६ तोडला तर?

तापीकाठ
तोडतोच की कधीकधी. दोन हजार जातात. गॅपडाउन उघडला तर जास्तही जातात, स्टॉप तिथे वाचवत नाही.

रावेर_केळीवाला
एक राहिलं. अमळनेरकर, तुम्ही वीकली कोणत्या वारी बघता? मी बुधवारी बघायचो, कँडल हिरवीगार. शुक्रवारी बंद होताना तीच लाल. आठवडा पुरा होईपर्यंत ती कँडल कच्ची. आता शनिवारी घड मोजून झाले की चार्ट बघतो, ठरवतो आणि आठवडाभर तेच धरतो. मुलाने ट्रेडिंगव्ह्यूवर पूर्ण झालेल्या आठवड्याचाच ईएमए दाखवणाऱ्या ओळी लिहून दिल्या :

```
//@version=5
indicator("Weekly EMA", overlay=true)
w = request.security(syminfo.tickerid, "W", ta.ema(close, 20)[1], lookahead=barmerge.lookahead_on)
plot(w)
```

त्यातला `[1]` काढू नका. काढला की जुन्या चार्टवर सोमवारच्या कँडलला शुक्रवारचा भाव आधीच ठाऊक असल्यासारखं दिसतं आणि बॅकटेस्ट भलताच सुंदर येतो. मी त्या भरात दोन महिने होतो.

अमळनेरकर
मी रोज बघतो, म्हणजे कच्चीच. अजून एक, सव्वातीनची अवरली कँडल धरायची का? सव्वानऊपासून मोजलं तर सहा पूर्ण तास होतात आणि शेवटची पंधरा मिनिटांचीच उरते.

तापीकाठ
मी धरत नाही. सव्वातीनला बंद होणारी शेवटची.

रावेर_केळीवाला
मी धरतो. दिवसाचा शेवटचा भाव तिच्यातच ठरतो. मला तरी तिने फसवलं नाही.

अमळनेरकर
बरं. सध्या एक शेअर वीकलीवर चढता आहे. ३१२ वरून ३६० ला गेला, आता सात दिवस उतरून ३१९ ला. अवरली अजून लालच. याला पुलबॅक म्हणायचं की ट्रेंड संपला? वीकली ईएमए तर छान वर जातोय.

तापीकाठ
वीकलीचा २० ईएमए म्हणजे जवळपास शंभर दिवसांचा हिशेब. तो वळेपर्यंत भाव कुठल्या कुठे गेलेला असतो, त्याच्या चढावर जाऊ नका. शेवटची चढाई जिथून सुरू झाली तो तळ ३१२. डेली त्याखाली बंद झाला तर माझ्यापुरता तो पुलबॅक राहिला नाही. ४८ रुपयांपैकी ४१ परत दिलेत, मला हे फार वाटतं. मी असतो तर सोडला असता.

रावेर_केळीवाला
मी नसता सोडला. खोल उतरला म्हणून काय झालं, ३१२ टिकलाय ना. अवरलीची शेवटची उसळी बघा आधी.

अमळनेरकर
शेवटची उसळी ३२६ ला संपली. तिथे अलर्ट लावलाय. घ्यायचं की नाही ते वाजला की ठरवतो, तोवर गिऱ्हाईक आलंय.