अनुभव धागा: वारशात मिळालेली हजार खुली तिकिटं

सांजधारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच टीम लीड झाले. आधीचे लीड दुसरीकडे गेले आणि त्यांचा जिरामधला प्रोजेक्ट माझ्याकडे आला. त्यात हजाराच्या वर तिकिटं खुली आहेत. बहुतेकांवर नोंदवणाऱ्याच्या पहिल्या दोन ओळी सोडल्या तर एकही कॉमेंट नाही. टीममध्ये पाच जण, त्यांचे हात रोजच्या कामातच अडकलेले. वरून निरोप एवढाच आहे की आकडा खाली आणा.

असा ट्रॅकर ज्यांच्या गळ्यात पडला होता, त्यांनी सुरुवात कुठून केली आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहावं ही विनंती.

देवराई

आमच्याकडे असाच ढीग होता. वर्षभर ज्याला हात लागला नाही ते सगळं एका दुपारी बंद केलं. कुणाचाही फोन आला नाही. ज्याला खरंच गरज असते तो तिकीट पुन्हा उघडतो, हा माझा अनुभव आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. बल्कमध्ये बदल करताना `Send mail for this update` समोरची खूण काढा, नाहीतर जुन्या प्रत्येक माणसाच्या इनबॉक्समध्ये मेलचा पाऊस पडेल. आणि एका वेळी साधारण हजारच तिकिटं बदलता येतात, तेव्हा तुकडे पाडून करा.

पाणवठा

बंद करायच्या आधी ती खरोखर खुली आहेत का ते बघा. एका प्रोजेक्टमध्ये मला आकडा फुगलेला दिसत होता, कारण काम संपल्यावर स्टेटस बदललं जायचं पण रेझोल्यूशन कुणी भरत नव्हतं. डॅशबोर्ड रेझोल्यूशनवरून मोजत होता, त्यामुळे झालेली कामंही त्यात उभीच. हे चालवून पाहा:

```
statusCategory = Done AND resolution IS EMPTY
```

देवराई, तुमच्या "वर्षभर हात लागला नाही" या निकषाबद्दल मला शंका आहे. `updated` ही तारीख माणसाने हात लावला तरच बदलते असं नाही. कुणी बल्कमध्ये एक लेबल लावलं किंवा जुन्या ट्रॅकरमधून तिकिटं आयात केली, की सगळ्यांवर त्याच दिवसाची तारीख बसते. आणि पुन्हा कोण उघडणार? शाखेतला क्लार्क फोन करतो, तिकीट सपोर्टचा माणूस टाकतो. क्लार्ककडे लॉगिनच नसतं. सपोर्टचा माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर तिकीट बंद झाल्याचं कळणारं कुणीच उरत नाही. फोन आला नाही म्हणजे प्रश्न सुटला, असं त्यातून निघत नाही.

गव्हाची_ओंबी

मी एका मोठ्या आस्थापनेच्या हेल्पडेस्कवर आहे. आमच्याकडे तिकीट उघडं राहूच शकत नाही, एसएलएचं घड्याळ चालू असतं. वेळ संपत आली की "यूझरकडून माहिती अपेक्षित" असं लिहून घड्याळ थांबवतात. प्रिंटर, पासवर्ड, व्हीपीएन यांत हे चालून जातं. तुम्हीही एसएलए लावून घ्या, हजाराचा प्रश्नच येणार नाही.

पाणवठा

तुमची तिकिटं सेवेची आहेत, सांजधारांची बहुतेक सॉफ्टवेअरमधल्या दोषांची. पासवर्ड बदलून दिला की विषय संपतो. दोष मात्र कोडमध्ये बसून राहतो, घड्याळ थांबवलं तरी.

रानवाट

मी फावल्या वेळात मुक्त सॉफ्टवेअरच्या एका छोट्या प्रकल्पात मदत करते. गिटहबवर आम्ही `actions/stale` लावलं होतं. त्याचं मूळ सेटिंग असं की 60 दिवस हालचाल नसेल तर शिक्का मारायचा आणि पुढच्या 7 दिवसांत कुणी बोललं नाही तर बंद. यादी झपाट्याने आटली. पण ज्यांनी मेहनतीने दोष पुन्हा घडवून दाखवण्याच्या पायऱ्या लिहिल्या होत्या, तीच माणसं दुखावली आणि त्यांतली काही परत आली नाहीत. फेडोराची पद्धत मला जास्त पटते. एखाद्या आवृत्तीची मुदत संपली की त्या आवृत्तीवरचे दोष बंद होतात आणि नव्या आवृत्तीतही तेच होत असेल तर आवृत्ती बदलून कळवा, असं सांगितलं जातं. बंद करण्यामागे निदान सांगण्याजोगं कारण असतं.

सांजधारा

सगळ्यांचे आभार. पाणवठांची क्वेरी चालवली. जवळपास दोनशे तिकिटं झालेल्या कामांचीच निघाली. `updated` बद्दलही त्यांचं खरं ठरलं. आमचा ट्रॅकर 2022 मध्ये आयात झाला होता, त्यामुळे जुन्या साऱ्या तिकिटांवर एकच तारीख. सुदैवाने आयात करणाऱ्याने `created` जपली होती.

मग यादी बाहेर काढून `created` च्या महिन्याप्रमाणे लावली. "व्याज", "फरक", "जुळत नाही" हे शब्द असलेली तिकिटं वेगळी काढली, तेव्हा ती 2020 आणि 2024 या दोन वर्षांतच दाटलेली दिसली. त्यातही एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे तिमाही व्याज जमा झालं की लगेच. मधल्या वर्षांत जवळजवळ शून्य. दोन्ही लीप वर्षं!

एकेकटं वाचलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. एक म्हणतो पासबुकात पाच रुपये कमी, दुसरा म्हणतो लेजर आणि उतारा टॅली होत नाही, तिसऱ्याने तर प्रिंटरला दोष दिलाय. रक्कम किरकोळ म्हणून सगळ्यांना `Low`. एकावर 2021 मधली कॉमेंट आहे, "आमच्याकडे असं घडत नाही". त्या वर्षी घडणारच नव्हतं.

कोडमध्ये शोधलं. लेजरमध्ये व्याज टाकताना दिवसांना नेहमी 365 ने भागलं जातं. पासबुक छापणाऱ्या भागात कुणीतरी वेगळं फंक्शन लिहिलंय, ते लीप वर्षात 366 ने भागतं. एक लाखाची ठेव, 8 टक्के दर, सरळव्याज, जानेवारी ते मार्च 2024 चे 91 दिवस धरा. लेजर म्हणतो 1,994.52 रुपये, पासबुक म्हणतं 1,989.07. फरक 5.45. ज्या खातेदाराने दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्यालाच तो दिसला.

देवराई, तुमची वर्षाची अट लावली असती तर ही सगळी तिकिटं बंद झाली असती आणि फरक 2028 च्या एप्रिलमध्ये पुन्हा उगवला असता.

देवराई

मान्य. चार वर्षांनी उगवणाऱ्या दोषाचा विचार मी केला नव्हता. तरीही पाच माणसांनी उरलेली आठशे तिकिटं एकेक करून वाचावीत, हे मला अजून पटत नाही.

सांजधारा

एकेक वाचली नाहीतच. आधी गट पाडले, प्रत्येक गटातली थोडी वाचली. जे स्क्रीन आता उत्पादनातच नाहीत त्यांची तिकिटं तसं कारण लिहून बंद केली. व्याजाची सगळी एका मुख्य तिकिटाला डुप्लिकेट म्हणून जोडली, म्हणजे कोणत्या शाखांना कळवायचं याची यादी आपोआप तयार झाली.

ओसरी

मी पतसंस्थांचं ऑडिट करतो, तिकिटांतलं मला कळत नाही. पण दुरुस्ती करताना पासबुक लेजरला जुळवायचं की लेजर पासबुकाला, हे प्रोग्रामरने ठरवू नये. ठेवीच्या नियमांत आणि पावतीवर काय लिहिलंय ते बघा. संस्थेगणिक वेगळं असू शकतं. खात्यात लेजरची रक्कम जमा झाली असेल तर पैसे लेजरप्रमाणेच दिले गेलेत, तेव्हा आधीच्या नोंदी परस्पर बदलू नका.

सांजधारा

हे महत्त्वाचं सांगितलंत, काका. भाजक संस्थेच्या सेटिंगमध्ये आणून दोन्हीकडे एकच फंक्शन वापरायचं ठरतंय. ज्या संस्थांच्या नियमात 366 आहे, तिथे 2020 आणि 2024 मध्ये लेजरने प्रत्येक ठेवीवर जास्त व्याज दिलंय. ते त्यांना कळवायचं कसं, यावर वरिष्ठांचं आणि माझं अजून एकमत नाही. मी म्हणते लेखी कळवावं, ते म्हणतात पुढच्या आवृत्तीच्या सूचनांमध्ये ओळ टाकू.

शिवाय दीडशेच्या आसपास "हे हवं, ते हवं" अशा मागण्या उरल्यात. त्या दोष नाहीत, पण बंद करायला कारणही सापडत नाही. कुणी त्या ट्रॅकरबाहेर नेऊन वेगळ्या ठेवल्या आहेत का?