मामा खरेदीप्रमुख, भाचा त्याच विभागात. चालतं का?

अंधेरीकर: आमची दीडशे माणसांची कंपनी. खरेदीप्रमुखांचा भाचा त्यांच्याच विभागात लागला. तो सुपरवायझरच्या हाताखाली आहे, मामांच्या नाही. मालक म्हणतात, एवढं पुरे. तुम्हाला काय वाटतं?

विक्रोळीचा वकील: कंपनी कायदा 2013 मधल्या नातेवाइकांच्या यादीत भाचा येतच नाही. आई-वडील, मुलं, सुना-जावई, भाऊ-बहीण, नवरा-बायको आणि हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य, एवढेच. त्यामुळे जाहीर करायची सक्ती नाही. विषय संपला.

माधवी, एचआर: यादी बरोबर, निष्कर्ष चुकीचा. त्याच कायद्याचं कलम 188 संचालक, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी आणि त्यांच्या नातलगांशी होणाऱ्या व्यवहारांबद्दल आहे; नातलगांना लाभाच्या पदावर नेमणं हा त्यातलाच एक. खरेदीतल्या कारकुनाशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच कंपनीने आपली यादी करावी आणि तीत भाचा, मेहुणा, साडू, चुलतभाऊ नावानिशी लिहावेत.

मधे सुपरवायझर ठेवून काही सुटत नाही. त्याची वार्षिक वेतनवाढ कोण ठरवतं? मामाच. मग सुपरवायझर भाच्याला कमी गुण देईल का? माझ्याकडे असंच झालं होतं. कागदावर सुपरवायझर बदलला, पण सिस्टीममध्ये ओव्हरटाइमची मंजुरी मामांच्याच लॉगिनवर राहिली. सहा महिन्यांनी वेतनपत्रक तपासताना दिसलं की एकाच मुलाचा ओव्हरटाइम दर महिन्याला कमाल मर्यादेला टेकतोय. दोघांचं नातं कुणी लेखी दिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी अर्जातच विचारते. नंतर नातं जुळलं, तर तीस दिवसांत कळवायचं. कळलं की रजा, बिलं, ओव्हरटाइम, मूल्यांकन या चारही मंजुऱ्या दुसऱ्या विभागप्रमुखाकडे वळवते. खरेदीत तर पुरवठादाराचा दर ठरवणारा आणि माल तपासून घेणारा एकाच घरचा नको.

ठाण्याची प्रज्ञा: कळवलं की शिक्षाच होते. आम्ही नवरा-बायकोंनी लग्नानंतर प्रामाणिकपणे लिहून दिलं. मलाच बेलापूरला पाठवलं. मुलगी वर्षाची होती. त्याची जागा तशीच राहिली.

लोअर परळ: ताई, प्रश्न मामा-भाच्याचा आहे. आणि माधवीताई, छोट्या कंपनीत दुसरा विभागप्रमुख आणायचा कुठून? आमच्या वर्कशॉपमध्ये गावचीच मुलं येतात, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी. ओळखीचा म्हणून तो टिकतो, काम शिकतो. त्याला दारातच अडवणं मला अन्याय वाटतो.

माधवी, एचआर: अडवू नका. मुलाखत मामाने घेऊ नये, पगार त्याने ठरवू नये, एवढंच. दुसरा प्रमुख नसेल तर मालकांनी स्वतः सही करावी.

प्रज्ञा, तुमचं म्हणणं विषयाला धरूनच आहे. कोण हलणार हे धोरणात आधी लिहिलेलं नसलं, की बाईच हलते. आधी दोघांना पर्याय विचारावा, असं मी लिहून घेतलंय. पण दोघांनीही नाही म्हटलं तर काय, याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

अंधेरीकर: आत्ताच पाहिलं. भाच्याच्या रजा अजून मामांच्याच लॉगिनला जातायत.