मदत हवी आहे: नव्याने निदान झालेल्या सीकेडी स्टेज ३ रुग्णाची एडाइम नोट, डायग्नोसिसपाशी गाडी अडली आहे

इंटर्न_डाएटिशियन

नमस्कार मंडळी. क्लिनिकल न्यूट्रिशनची इंटर्नशिप चालू आहे. ओपीडीतल्या एका रुग्णाची पूर्ण एडाइम नोट (असेसमेंट, डायग्नोसिस, इंटरव्हेन्शन, मॉनिटरिंग) सोमवारी मॅडमना दाखवायची आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, बाकी सगळं देते.

पुरुष, वय ५४, उंची १६५ सेंमी, वजन ७२ किलो, गेल्या वर्षभरात वजनात फरक नाही. मधुमेह ९ वर्षं, बीपी ६ वर्षं. क्रिएटिनिन १.७, ईजीएफआर ४७. तीन महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन १.६ आणि ईजीएफआर ५१ होता. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो १८०. पोटॅशियम ४.६, फॉस्फरस ३.८, एचबीएवनसी ७.८, हिमोग्लोबिन १२.१. बीपी १४८/९०. पायाला सूज नाही. गोळ्या: मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन.

कालचा आहार विचारला तो असा: दुधाचे चार चहा, सकाळी पोहे आणि वर फरसाण, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, वाटीभर दही, पापड, लोणचं. संध्याकाळी दोन उकडलेली अंडी, मीठ-मिरपूड लावून. रात्री पुन्हा दोन पोळ्या, आमटी, थोडा भात, ठेचा. माझ्या हिशोबाने प्रोटीन साधारण ६२ ग्रॅम.

डायग्नोसिसमध्ये मी लिहिलंय: "क्रॉनिक किडनी डिसीज स्टेज ३, मधुमेह व उच्च रक्तदाबामुळे, ईजीएफआर ४७ वरून." इंटरव्हेन्शन: प्रोटीन कमी, डाळी कमी, बटाटा-टोमॅटो-केळी-नारळपाणी बंद, भाज्या चिरून पाण्यात भिजवून घेणे, मीठ कमी. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे डायग्नोसिस तुझं नाही, डॉक्टरांचं आहे." पुढे काय करू?

सोलापूरकर

ताई, काळजी करू नका. स्टेज ३ म्हणजे डायलिसिस नव्हे. माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना बटाटा दोनदा पाणी बदलून उकडून देतो. नारळपाणी तर घरात येतच नाही. एकदा सणावाराला पिऊन बसले आणि पोटॅशियम ६.३ निघालं, रात्रीत अ‍ॅडमिट करावं लागलं. तुम्हीही आजपासूनच बंद करा. पाणी मोजून पिता का?

इंटर्न_डाएटिशियन

काका, रुग्ण मी नाही :) मला नोट लिहायची आहे. पण वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आता बरे आहेत ना?

सोलापूरकर

हो का, घाईत वाचलं. बरे आहेत. पण पोटॅशियम सोडू नका नोटमध्ये.

तव्यावरची_भाकरी

प्रोटीन ०.६ वर आणा, विषय संपला. अमेरिकेच्या केडीओक्यूआयच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसंच आहे. ७२ किलोला ४३ ग्रॅम. डायग्नोसिस "प्रोटीनचं अतिसेवन" लिहा. आणि घरी साधं मीठ बंद करून सैंधव सुरू करायला सांगा, आम्ही तेच वापरतो.

रीनल_आहार_ताई

थांबा जरा. एक एक घेऊ या.

आधी मॅडम काय म्हणाल्या ते. पीईएस वाक्यात तीन कप्पे असतात: समस्या, तिचं मूळ आणि ती समस्या आहे याचा पुरावा. समस्या अशी हवी जी आहारतज्ज्ञ म्हणून तू सोडवू शकतेस. मूळ असं हवं ज्यावर तुझं इंटरव्हेन्शन घाव घालेल. पुरावा असा हवा जो पुढच्या भेटीत पुन्हा मोजता येईल. तुझ्या वाक्यात समस्या सीकेडी आहे, ती तू बरी करणार नाहीस. मूळ मधुमेह आहे, तोही तुझ्या सल्ल्याने जाणार नाही. म्हणून खालचं इंटरव्हेन्शन वरच्या वाक्यातून निघतच नाही, कुठल्या तरी छापील तक्त्यातून उचलल्यासारखं वाटतं.

आता आकडे बघ. पोटॅशियम ४.६, फॉस्फरस ३.८, दोन्ही ठीक आहेत. मग केळी आणि टोमॅटो कशाच्या आधारावर बंद करतेस? सोलापूरकरांच्या वडिलांना ते बंद करणं योग्य आहे, कारण त्यांचं पोटॅशियम चढतं आणि ते डायलिसिसवर आहेत. तुझ्या माणसाला तोच नियम लावलास तर भाज्या, फळं, डाळी, सगळंच ताटातून जाईल. पोळी-भात वाढेल, बद्धकोष्ठता होईल, साखर आणखी बिघडेल. स्टेज ३ ला पोटॅशियम रक्तातल्या आकड्याप्रमाणे ठरवायचं, निदानाच्या नावाप्रमाणे नाही.

प्रोटीन ६२ ग्रॅम भागिले ७२ म्हणजे ०.८६. याला "अतिसेवन" म्हणणं ओढूनताणून होईल. शिवाय भाकरीताई, ते ०.५५ ते ०.६० मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. मधुमेह असेल तर त्याच मार्गदर्शक तत्त्वांत ०.६ ते ०.८ म्हटलंय. केडीआयजीओ २०२४ तर सरळ ०.८ च्या आसपास ठेवा म्हणते.

मग या माणसाच्या आहारात काय ठळक दिसतं? मीठ. फरसाण, पापड, लोणचं, ठेचा, अंड्यावर वरून मीठ, आणि बीपी १४८/९०. पण किती मीठ, ते तुझ्या असेसमेंटमध्ये नाही. ते कसं काढशील?

इंटर्न_डाएटिशियन

रिकॉलवरून सोडियम काढायला गेले तर घरच्या भाजीतलं मीठ कळतच नाही. ते म्हणतात "बेताचंच असतं."

रीनल_आहार_ताई

सगळेच म्हणतात. त्यांना विचारूच नकोस, स्वयंपाक जो करतो त्याला विचार: किलोची मिठाची पिशवी किती दिवस पुरते आणि जेवायला किती माणसं? फोन करून बघ.

इंटर्न_डाएटिशियन

केला. काकू फोनवर होत्या. चार मोठी माणसं, डबा कोणी बाहेर नेत नाही, पिशवी जेमतेम २५ दिवस. आणि एक नवीन कळलं. निदान झाल्यावर शेजारच्यांनी सांगितलं म्हणून गेल्याच आठवड्यात त्यांनी "लो सोडियम" लिहिलेलं मीठ आणलंय, फक्त काकांच्या भाजीत तेच घालतात. हे चांगलंच ना?

रीनल_आहार_ताई

नाही! बरं झालं विचारलंस. पाकिटामागे घटक वाचून घे. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड निम्म्यावर आलेलं आणि वर टेल्मिसार्टन, तेही पोटॅशियम वाढवणारंच. तुझा ४.६ हा आकडा मीठ बदलण्याआधीचा आहे हे ध्यानात घे. ते मीठ आजच बंद, डॉक्टरांना आजच कळव आणि पोटॅशियम पुन्हा तपासायची विनंती नोटमध्ये लिही. सोलापूरकर, तुमचा मुद्दा इथे लागू पडला बघा, फक्त केळ्याऐवजी मिठाच्या पाकिटातून.

आणि सैंधव म्हणजे जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा, हिशोब तोच.

आता तुझा हिशोब: १००० ग्रॅम भागिले चार माणसं भागिले २५ दिवस, माणशी १० ग्रॅम मीठ. सोडियममध्ये साधारण ३९०० मिग्रॅ. हवं ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे २००० मिग्रॅ. पापड, फरसाण आणि वर्षाच्या लोणच्यातलं मीठ यात नाही. उलट थोडं मीठ सांडतं, काही आमटी टाकली जाते. म्हणून हा अंदाज आहे असं नोटमध्ये स्पष्ट लिही. खात्री हवी तर चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम बघतात. १० ग्रॅम खाणाऱ्याचं १७० मिलिमोलच्या आसपास येईल, हवं ९० च्या आत. पण एक वेळची लघवी सांडली की आकडा खोटा कमी येतो, म्हणून त्याच कॅनमधलं क्रिएटिनिनही बघायचं.

वॉर्डातली_सिस्टर

मध्येच बोलते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खातात का, विचारलंस? आणि भस्म, काढे? आमच्याकडे निम्मे रुग्ण "औषध" म्हटलं की फक्त चिठ्ठीवरची नावं सांगतात. ते तुझ्या इंटरव्हेन्शनमध्ये येणार नाही, पण असेसमेंटमध्ये लिहून डॉक्टरांच्या नजरेस आण.

इंटर्न_डाएटिशियन

विचारलं. गुडघ्यासाठी गोळी घेतात, "कधीकधी." नाव बघून सांगणार आहेत. भस्म वगैरे नाही.

आता असं लिहिलंय, बघा:

*असेसमेंट:* वरचं सगळं, शिवाय बीएमआय २६.४, मिठाचा घरगुती अंदाज माणशी १० ग्रॅम (पापड-लोणचं-फरसाण वेगळं), प्रोटीन ६२ ग्रॅम, पोटॅशियमयुक्त मीठ एका आठवड्यापासून, वेदनाशामक गोळी अधूनमधून, नाव अजून कळलेलं नाही.

*डायग्नोसिस:* सोडियमचं अतिसेवन. मूळ: स्वयंपाकात मीठ कधीच मोजलं जात नाही आणि पापड-लोणचं-फरसाणात किती मीठ असतं याची घरात माहिती नाही. पुरावा: माणशी १० ग्रॅम मिठाचा अंदाज, खारे पदार्थ रोज दोन ते तीन वेळा, बीपी १४८/९०.

*इंटरव्हेन्शन:* पोटॅशियमयुक्त मीठ बंद, डॉक्टरांना कळवलं. काकूंसोबत स्वयंपाकाचं सत्र: सगळ्या घराचं दिवसाचं मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवायचं, कणकेत मीठ नाही, भातात नाही. पापड, लोणचं, फरसाण मिळून आठवड्यातून दोनदा. आंबटपणासाठी लिंबू, कोकम, आमसूल. फळं, भाज्या, डाळी चालू. प्रोटीन आहे त्यापेक्षा वाढवायचं नाही.

*मॉनिटरिंग:* मिठाची पिशवी किती दिवस पुरते, घरचं बीपी, पोटॅशियम व क्रिएटिनिन, तीन महिन्यांनी लघवीचा रेशो.

रीनल_आहार_ताई

आता ही तुझी नोट झाली. दोन दुरुस्त्या कर. मॉनिटरिंगला आकडा आणि तारीख जोड. पहिल्या महिन्यात पिशवी २५ वरून ४० दिवसांवर, म्हणजे माणशी सव्वासहा ग्रॅम. तिसऱ्या महिन्यात ६० दिवसांवर, म्हणजे चारच्या थोडं वर, वरचं एखाद-दुसरं लोणचं धरून ५ ग्रॅम. एकदम निम्म्यावर आणलंस तर घरातला मुलगाच ताटावर मीठ मागेल आणि डबा पुन्हा टेबलावर येईल. पोटॅशियमसाठी तीन महिने थांबू नकोस, तारीख डॉक्टरांकडून घेऊन लिही. टेल्मिसार्टन नुकतंच सुरू केलं किंवा वाढवलं असेल, तर तशीही दोन ते चार आठवड्यांत तपासणी लागते.

दुसरं, कोकम-लिंबाला हरकत नाही, पण बाजारचा चाट मसाला आणि सूपची पाकिटं यांचं नाव घेऊन सांग. मीठ कमी केलं की लोक तिकडे वळतात.

तव्यावरची_भाकरी

सैंधवाचं मान्य. पण प्रोटीन ७२ किलोवर का मोजता? १६५ सेंमीला आदर्श वजन ६५ धरतात. ६२ भागिले ६५ म्हणजे ०.९५. रविवारचं मटण तर रिकॉलमध्ये आलेलंच नाही.

रीनल_आहार_ताई

रविवारचा मुद्दा बरोबर. इंटर्न, सुट्टीच्या दिवसाचा रिकॉल जरूर घे. वजनाबद्दल माझं मत वेगळं आहे. बीएमआय २६.४ ला मी सध्याचंच वजन धरते, ३० च्या वर गेल्यावर बदलते. आमच्याच विभागात दुसऱ्या ताई सगळ्यांना आदर्श वजन लावतात. तुझ्या मॅडम कोणतं लावतात ते विचार आणि जे लावशील ते नोटमध्ये शब्दांत लिही, म्हणजे पुढच्या भेटीत दुसरी कोणी फाइल उघडेल तर तिला ०.८६ कुठून आलं ते कळेल.

इंटर्न_डाएटिशियन

विचारते. गोळीचं नाव आत्ताच आलं, डायक्लोफेनॅक. आठवड्यातून तीन-चारदा.

वॉर्डातली_सिस्टर

सोमवारपर्यंत थांबू नकोस. आत्ता फोन कर ओपीडीला.