मदत हवी आहे: अल्माटीला जातोय, आई पूर्ण शाकाहारी

पायवाट७: सप्टेंबरमध्ये आईला घेऊन आठ दिवस कझाकस्तानात, अल्माटीला जातोय. तिथे इंग्रजी फारसं चालत नाही असं ऐकलं. फोनवर भाषांतर करता येईल, पण प्रत्येक पाटीसमोर फोन धरायचा नाहीये. थोडक्यात काय शिकू? रशियन की कझाक?

मंदारप: पाट्यांची चिंता नको. त्यांनी इंग्रजी लिपी घेतली आहे, २०१७ सालीच जाहीर झालं.

निमाताई: मंदार, जाहीर झालं हे खरं, पण पाट्या अजून सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनसारख्या लिपीतच आहेत. मी तिथे चार वर्षं होते. पायवाट, आधी फसवी अक्षरं शिका. पीसारखं दिसतं तो 'र', सीसारखं तो 'स', एचसारखं तो 'न', बीसारखं तो 'व'. आता पी-ई-सी-टी-ओ-पी-ए-एच असं दिसलं तर वाचा: रेस्तोरान! बेकरीवर एच-ए-एच दिसलं की नान. अक्षरं जमली की काही शब्द आपलेच निघतात. बाजारला 'बाजार'च म्हणतात, दुकानाला 'दुकेन' आणि औषधाच्या दुकानाला कझाकमध्ये 'दारिहाना'. त्याच पाटीवर रशियनमध्ये 'आप्तेका' असतं.

गोदाकाठ: माझी मुलगी तिकडे एमबीबीएसला आहे. वसतिगृहात भारतीय मेस आहे, आईंची काळजी करू नका.

पायवाट७: काका, आम्ही हॉटेलात उतरणार आहोत, मेस कुठून मिळणार. ताई, जेवणाचं काय?

निमाताई: बहुतेक पर्यटक 'बेझ म्यासा', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच पाठ करून जातात. मीही तेच केलं होतं. पहिल्याच आठवड्यात भाज्यांचं सूप मागवलं, त्यात मांसाचा तुकडा नव्हता, पण ते शिजवलं होतं मांसाच्या रश्शात. पुष्कळांच्या लेखी 'म्यासा' म्हणजे लाल मांस, कोंबडी आणि मासे त्यात येतच नाहीत. म्हणून पूर्ण वाक्य घोका: 'या नि येम म्यासा, कूरित्सू, रीबू.' मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. सूप दिसलं की वेगळं विचारा, 'बुल्योन?', म्हणजे मांसाचा रस्सा आहे का. होकार आला तर सोडून द्या. सामसा, म्हणजे तिथला समोसा, मागताना 'तीक्वा' म्हणा, म्हणजे भोपळ्याचा. नुसता सामसा बहुधा मांसाचा असतो.

मंदारप: आणि स्वच्छतागृह? एम म्हणजे पुरुष, एवढं नक्की.

निमाताई: रशियन पाटीवर हो. बायकांसाठी एक्सच्या मधून उभी रेघ काढल्यासारखं अक्षर. पण कझाक पाटीवर पुरुषांना ई, बायकांना उलटा केलेला छोटा ई. आणि रस्त्यावरचा मोठा एम म्हणजे मेट्रो.

पायवाट७: आईला आत्ताच हे वाक्य म्हणायला लावलं, 'कूरित्सू'वर अडखळते आहे. कागदावर लिहून देईन. नान, सामसा यांचं पीठ मळताना चरबी घालतात का, हे कुणाला माहीत आहे?

निमाताई: घरोघरी वेगळं. पिठात काही ठिकाणी घालतात, खात्री मला देता येणार नाही.