दुबईत पोहोचल्यापासून मोबाईलचे इंटरनेट बंद आहे, कृपया तातडीने मार्ग सांगावा

जयगडचा बागायतदार
नमस्कार. काल रात्रीपासून माझ्या मोबाईलवर इंटरनेट चालत नाही. निघण्यापूर्वी पुतण्याने आंतरराष्ट्रीय पॅक मारून दिला होता, त्याचे पैसे भरल्याचा संदेशही माझ्याकडे आहे. रोमिंगचे बटण चालू केले, फोन दोनदा बंद करून सुरू केला, तरीही काही फरक पडत नाही. रेंज पूर्ण दिसते आणि घरचे फोनही येतात. उद्या सकाळी सात वाजता अल अवीरच्या फळबाजारात आंब्याच्या व्यापाऱ्याला भेटायचे असून पत्ता त्याने नकाशावरच पाठवला आहे. सध्या हॉटेलच्या वायफायवरून लिहीत आहे, बाहेर पडलो की सर्व बंद. कृपया लवकर सांगावे.

मुग्धा, चिपळूण
काका, परदेशातून परत आल्यावर नेट बंद पडणे हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. तिकडे असताना कोणीतरी नेटवर्क हाताने निवडून ठेवलेले असते आणि इथे उतरल्यावरही फोन त्याच परदेशी नेटवर्कचा शोध घेत बसतो. सेटिंगमध्ये नेटवर्क निवड पुन्हा ‘स्वयंचलित’ करा, म्हणजे दोन मिनिटांत इथली रेंज येईल. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत गेल्या वर्षी असेच झाले होते.

जयगडचा बागायतदार
ताई, मी परत आलेलो नाही, दुबईतच आहे. शीर्षकात तसे लिहिले आहे.

सतीश, मालवण
पॅकच्या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानतळावर किंवा कोणत्याही मॉलमध्ये पासपोर्ट दाखवून तिथले सिम घ्यावे. मी प्रत्येक वेळी तेच करतो आणि मला रोमिंग हा शब्दसुद्धा आठवत नाही.

नाना, दापोली
सतीशराव, तिथले सिम घातल्यावर बँकेचा ओटीपी कोणत्या नंबरवर येणार? व्यापाराला गेलेल्या माणसाला आपला भारतीय नंबर चालू ठेवावाच लागतो. शिवाय पॅकचे पैसे त्यांनी आधीच भरले आहेत.
आता मूळ प्रश्न. माझ्या अनुभवानुसार दोष एपीएनचा असतो. इंटरनेट तिथल्या कंपनीच्या जाळ्यातून येते, तेव्हा एपीएनच्या रकान्यात तिथल्याच कंपनीचे नाव भरावे लागते. हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारा, ते लिहून देतील.

दर्यावर्दी
नानांचे अर्धे बरोबर आहे, परंतु उरलेल्या अर्ध्याने आजचा दिवस वाया जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी जहाजावर विद्युत अधिकारी आहे. जेबेल अली, फुजैरा आणि सलाला या बंदरांत हाच खेळ वर्षातून चार-पाच वेळा खेळतो.
रोमिंगमध्ये मोबाईलचा मनोरा तिथल्या कंपनीचा असला, तरी आपले इंटरनेट सहसा भारतातल्या आपल्या कंपनीच्या दारातूनच बाहेर पडते. म्हणून एपीएन आपल्याच कंपनीचे असावे लागते. तिथल्या कंपनीचे नाव भरले, तर आहे तेही बंद पडेल. मात्र नवा फोन घेतल्यावर एपीएनचा रकाना रिकामा किंवा चुकीचा राहू शकतो. तसा संशय असेल तर ‘मूळ स्थितीत आणा’ हा पर्याय वापरावा, हाताने काही भरू नये.
बागायतदार साहेब, आपण जे लिहिले नाही तेच मला हवे आहे. फोनमध्ये सिम एक आहे की दोन? पॅक कोणत्या नंबरवर आहे? आणि वायफाय बंद केल्यावर रेंजशेजारी ४जी किंवा ५जी अशी अक्षरे येतात, की रेंज मोकळीच दिसते?

जयगडचा बागायतदार
सिम दोन आहेत. पहिले घरचे, दुसरे धंद्याचे. पॅक धंद्याच्या नंबरवर आहे, कारण व्यापारी मला त्याच नंबरवर ओळखतात. अक्षरे येत नाहीत, फक्त आर दिसतो. पण रोमिंग चालू आहे, हे मी आधीच सांगितले आहे.

दर्यावर्दी
रोमिंग कोणत्या सिमचे चालू आहे?
दोन सिमच्या फोनमध्ये प्रत्येक सिमचे रोमिंगचे बटण वेगळे असते, आणि मोबाईल डेटा कोणत्या सिमवरून घ्यायचा ही निवड त्याहून वेगळ्या ठिकाणी असते. गावी आपण घरच्या सिमवरून नेट वापरत असाल, तर तीच निवड दुबईतही तशीच राहिली असणार. म्हणजे बटण पहिल्या सिमचे चालू, डेटाही पहिल्या सिमवरच लावलेला, आणि पॅक मात्र दुसऱ्या सिमवर. पहिल्या सिमवर पॅक नाही, म्हणून ते डेटा देत नाही. घरचे फोन येणे हा काही पुरावा नव्हे. फोन आणि संदेश यांची परवानगी वेगळी असते, इंटरनेटची वेगळी.
आता असे करावे. आधी पहिल्या सिमचे रोमिंग बंद करावे, नाहीतर पॅक नसलेल्या सिमवर चुकून डेटा सुरू झाला तर दर भरमसाट लागतो. मग डेटासाठी दुसरे सिम निवडावे आणि त्याच सिमच्या पानावर जाऊन रोमिंग सुरू करावे. वायफाय बंद करून दोन मिनिटे थांबावे आणि काय दिसते ते इथे सांगावे.

जयगडचा बागायतदार
आपण म्हणालात तसेच निघाले. बटण पहिल्या सिमचेच चालू होते. आता दुसऱ्या सिमवर सर्व बदलले. ४जी दिसू लागले, परंतु पान एकही उघडत नाही. नकाशा पांढराच राहतो.

सतीश, मालवण
म्हणूनच म्हणतो, सिम घ्या. एव्हाना आणले असते तर नकाशा उघडून झाला असता.

नाना, दापोली
४जी दिसूनही पान उघडत नाही, म्हणजे आता तरी एपीएनच. मी म्हणत होतो ते एकदा करून पाहा.

दर्यावर्दी
नाना, एपीएन बिघडलेला असला तरी असे होऊ शकते, हे मान्य. मात्र हे सिम याच फोनमध्ये गावी नेट देत होते का, एवढे आधी विचारू. देत असेल तर एपीएन शाबूत आहे आणि दोष दुसरीकडे आहे.
माझा संशय नेटवर्क निवडीवर आहे. अमिरातीत दोन मोठी जाळी आहेत, `du` आणि `etisalat`. आपली भारतीय कंपनी दोघांशी करार ठेवू शकते आणि तरीही पॅक मात्र त्यांच्यापैकी एकावरच लागू असू शकतो. स्वयंचलित निवडीत फोन जे जोरात ऐकू येते तिकडे जातो. आपला पॅक तिथे चालतो का, हे त्याला ठाऊक नसते. तिथे नोंदणी होते, फोन वाजतो, ४जीही उमटते, पण डेटा मागितला की दार बंद.
पॅकच्या माहितीत देशाच्या नावापुढे कंपनीचे नाव बारीक अक्षरांत दिलेले असते. ते वायफायवर वाचावे आणि कळवावे. पॅक खरोखर सुरू झाला आहे का, हेही तिथेच दिसेल. पैसे भरल्याचा संदेश आणि पॅक सुरू झाल्याचा संदेश हे दोन निराळे असतात.

जयगडचा बागायतदार
हो, हे सिम गावी याच फोनमध्ये नेट देत होते. पॅक ‘सुरू’ असे दाखवत आहे, १० दिवसांचा आहे. माहितीत अमिरातीपुढे एकाच कंपनीचे नाव आहे आणि माझा फोन दुसरीवर आहे. आता ती निवडायची कशी? यादी काढली तर फोन म्हणतो शोध अयशस्वी.

दर्यावर्दी
मोबाईल डेटा बंद करून मग शोध लावावा, काही फोन डेटा चालू असताना यादी काढत नाहीत. दुसऱ्या सिमच्या पानावर ‘स्वयंचलित’ बंद करावे आणि हात न लावता वाट पाहावी. दोन-तीन मिनिटे लागतात, बरेच जण अर्ध्या मिनिटात कंटाळून मागे फिरतात. एकच नाव ४जी आणि ५जी असे दोनदा दिसू शकते. ४जीचे घ्यावे, कारण ५जी रोमिंग सर्व पॅकमध्ये नसते. कधी नावाऐवजी आकडे दिसतात. `424` ने सुरू होणारे अमिरातीचे आणि `422` ने सुरू होणारे ओमानचे. फुजैऱ्याच्या बाजूला माझ्या फोनने ओमानचे नेटवर्क पकडले होते आणि अमिरातीचा पॅक तिथे निरुपयोगी ठरला होता. दुबई शहरात ही अडचण सहसा येणार नाही.
पहिल्या वेळी ‘नोंदणी झाली नाही’ असे आले, तर एकदा फोन बंद-चालू करून पुन्हा तेच नाव निवडावे.

जयगडचा बागायतदार
झाले! पहिल्यांदा नाकारले, फोन सुरू करून पुन्हा निवडल्यावर घेतले. नकाशा उघडला, व्यापाऱ्याचा गाळा दिसतो आहे. दर्यावर्दी साहेब, आपले फार आभार. मात्र एक गोष्ट खटकते. वीस मिनिटे नकाशा पाहिला असेल, तेवढ्यात पॅकमधील ३१० एमबी गेल्याचे दाखवत आहे. एवढा नकाशा कुठे खातो?

नाना, दापोली
ही कंपन्यांची लूट आहे. रोमिंगमध्ये मोजमापच वाढवून करतात.

दर्यावर्दी
नाना, तसा पुरावा माझ्याकडे नाही. साहेब, फोटो आपोआप साठवण्याची सोय फोनमध्ये चालू आहे का? तिथे ‘रोमिंगमध्ये साठवू नये’ असा वेगळा पर्याय असतो.

जयगडचा बागायतदार
चालू होती. निघताना पेट्यांचे ६४ फोटो आणि बागेचे दोन व्हिडिओ काढले होते, ते सर्व चढले असावेत. बंद केली. तरी हिशेब पूर्ण जुळत नाही, परत आल्यावर कंपनीला विचारेन.

सतीश, मालवण
आंब्याला तिकडे पेटीमागे काय भाव लागला, तेवढे सांगा.

मुग्धा, चिपळूण
सतीशदादा, त्यासाठी वेगळा धागा काढावा. काका, आता नेटवर्क हाताने निवडलेच आहे, तर परतताना मी सुरुवातीला लिहिलेले विसरू नका.

जयगडचा बागायतदार
मुंबईला उतरलो. घरच्या सिमवर पुतण्याचा फोन आला, धंद्याच्या नंबरवर मात्र ‘सेवा नाही’ असे दिसत होते, आणि पनवेलच्या गाडीत बसेपर्यंत मी सिम सैल झाले असेल म्हणून काढून पुसत राहिलो. मग ताईंचे पहिले उत्तर उघडले. ‘स्वयंचलित’ केल्यावर रेंज आली.